सावळ्या चेहऱ्यावर नुसता लाइट वाढवून का भागत नाही

«सावळा माणूस कॅमेऱ्यापुढे असेल तर लाइट वाढवा, एक्सपोजर एक-दोन स्टॉप वर घ्या, चेहरा उजळला की काम झालं. व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवा, कॅमेरा बरोबर जुळवून घेतो. शेजारी गोरा माणूस असेल तर दोघांच्या मधलं एक्सपोजर धरा. बाकीचं एडिटिंगमध्ये होतं.»

वरच्या सल्ल्यातलं बरंचसं चुकतं. आधी एक्सपोजरबद्दल, कारण बाकीच्या चुका तिथूनच सुरू होतात. एक स्टॉप वर म्हणजे प्रकाश दुप्पट, एक स्टॉप खाली म्हणजे निम्मा. त्वचेवर पडलेला प्रकाश दोन वाटांनी परत येतो. थोडा, म्हणजे तीन-चार टक्के, वरच्यावर परावर्तित होतो. उरलेला आत शिरतो, मेलॅनिन आणि रक्त यांमधून फिरतो आणि त्यांचा रंग घेऊन बाहेर येतो. खूप गोऱ्या त्वचेवरून एकूण पस्तीस टक्क्यांच्या आसपास प्रकाश परततो, अगदी गडद त्वचेवरून जेमतेम पाच टक्के. फरक आतून येणाऱ्या प्रकाशात आहे. वरच्यावर परावर्तित होणारे तीन-चार टक्के सगळ्यांचे जवळपास सारखेच असतात.

म्हणजे गोऱ्या चेहऱ्यावर ती पृष्ठभागाची चमक एकूण प्रकाशाच्या मानाने किरकोळ असते. गडद चेहऱ्यावर मात्र गालाचं हाड, नाकाची कड, कपाळाची गोलाई ही सगळी आपल्याला मुख्यतः त्या चमकेमुळेच कळते. आता लाइट दुप्पट केला तर आतून येणारा प्रकाश दुप्पट होतो आणि चमकही दुप्पट होते. दोघांचं गुणोत्तर हलत नाही. लहानशा उघड्या एलईडीने कपाळावर पांढरा ठिपका पडला असेल, तर लाइट किंवा एक्सपोजर वाढवल्यावर तो ठिपका आधी जळतो आणि भोवतीची त्वचा फिकट, पिठूळ दिसू लागते. मॉनिटरवर चेहरा «उजळ» वाटतो, पण त्या माणसाचा रंग त्यात उरलेला नसतो. मला हे मनापासून खुपतं, कारण समोर बसलेल्या व्यक्तीने आपला स्वतःचा रंग आपल्या हवाली केलेला असतो.

इथे कामाला येतो तो प्रकाशाच्या उगमाचा आकार. त्वचेवरची चमक म्हणजे लाइटचं प्रतिबिंबच. मोठी सॉफ्टबॉक्स किंवा समोर ताणलेलं डिफ्यूजनचं कापड जवळ आणलं की तेवढाच प्रकाश मोठ्या पृष्ठभागावरून येतो. ठिपक्याच्या जागी गालाच्या हाडावरून हनुवटीकडे उतरत जाणारी रुंद, मऊ चमक दिसते आणि चेहऱ्याला गोलाई येते. लाइट कॅमेऱ्याच्या डोक्यावरून समोर मारण्यापेक्षा बाजूला सरकवा. आरशाला लागू असलेला नियम इथेही लागू आहे: प्रकाश ज्या कोनात येतो त्याच कोनात परततो, त्यामुळे बाजूचा मोठा उगम गालाच्या वळणावर नेमका सापडतो. दुसऱ्या बाजूला पांढरा थर्मोकोल उभा केला तरी त्याची मंद कड जबड्यावर उमटते, सावलीची बाजू उजळायला वेगळा लाइट लागेलच असं नाही. चमक घालवायची म्हणून लेन्सवर पोलरायझर लावण्याचा सल्लाही कधी कधी मिळतो. गडद चेहऱ्यावर तो जपून वापरावा, कारण ज्या चमकेने चेहऱ्याला आकार येतो तीच तो खाऊन टाकतो.

मीटरचं एक सांगून ठेवतो. स्पॉट मीटर किंवा कॅमेऱ्याचा ऑटो मोड समोरची वस्तू अठरा टक्के राखाडी आहे असं धरून चालतो. गडद चेहऱ्याने फ्रेम भरली की तो आपण होऊनच एक्सपोजर वर नेतो, गोऱ्या चेहऱ्याने भरली की खाली ओढतो. म्हणून चेहऱ्याचं स्पॉट रीडिंग घेत असाल तर गोऱ्या त्वचेसाठी साधारण एक स्टॉप वर आणि गडद त्वचेसाठी एक ते दीड स्टॉप खाली जावं लागतं. वरच्या सल्ल्याच्या हे बरोबर उलट आहे.

«वाढवा» ही सवय आली कुठून, हे समजण्यासारखं आहे. फिल्मच्या काळात छपाईचे रंग जुळवण्यासाठी कोडॅकची संदर्भ-कार्डं प्रयोगशाळांत जात. त्यांना शर्ली कार्ड म्हणत आणि त्यांवर अनेक वर्षं गोरी स्त्रीच असे. तिची त्वचा बरोबर आली की प्रिंट बरोबर, असा हिशोब होता. वेगवेगळ्या वर्णांच्या स्त्रिया त्या कार्डावर १९९० च्या दशकात आल्या. तोवर गडद चेहऱ्याचे बारकावे सावलीत बुडत, आणि प्रकाश ओतणं हा हाताशी असलेला उपाय होता. आजच्या सेन्सरला त्याची गरज नाही.

आता व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं म्हणून कॅमेरा रंगांची करतो ती जुळणी. ऑटो व्हाइट बॅलन्सची साधी पद्धत फ्रेममधल्या सगळ्या रंगांची सरासरी राखाडी असावी असं गृहीत धरते. नव्या कॅमेऱ्यांत चेहरा ओळखण्यासारख्या युक्त्या आहेत, तरी ओढ तीच राहते. तपकिरी चेहऱ्याचा क्लोज-अप घेतला की फ्रेमभर लालसर-पिवळा रंग असतो. कॅमेऱ्याला वाटतं की लाइटच पिवळा आहे आणि तो निळ्याकडे सरकतो. चेहऱ्यावर राख फासल्यासारखी छटा येते ती यामुळे. मागे निळी भिंत आली की उलटं होतं. आणि एकाच शॉटमध्ये माणूस पुढे झुकला, फ्रेम बदलली की रंगही हळूच बदलतो. पुढे कट जुळवताना ते जीव खातं.

पण ऑटो बंद करून दिवसाच्या उजेडाचा ५६०० केल्विन हा आकडा ठेवला म्हणून सुटका होते असं नाही. वरच्यावर परतणाऱ्या चमकेला त्वचेचा रंग नसतो, लाइटचा असतो. खिडकीतून निळसर उजेड, छताला हिरवट ट्यूब आणि समोर पिवळा दिवा असेल, तर गोऱ्या गालावर हे तिन्ही रंग आतल्या रंगात बरेचसे मिसळून जातात. गडद गालावर ते वेगवेगळ्या पट्ट्यांसारखे उघडे पडतात: जबड्याला निळी कड, कपाळाला हिरवट डाग. यावर एक व्हाइट बॅलन्स चालत नाही, कारण एक पट्टा बरोबर केला की दुसरा बिघडतो. म्हणून आधी छताचे दिवे बंद करा, खिडकी झाका किंवा तिच्याशी जुळणारे लाइट लावा, आणि मगच बॅलन्स घ्या. ग्रे कार्ड बोलणाऱ्याच्या चेहऱ्याच्या जागी, मुख्य लाइटकडे तोंड करून धरायचं आणि कस्टम बॅलन्स त्यावर घ्यायचा. केल्विनचा आकडा फक्त निळा-पिवळा फरक सांभाळतो. हिरवा-जांभळट फरक टिंट या वेगळ्या सेटिंगमध्ये असतो आणि त्वचेचा घात बहुतेक वेळा तोच करतो. कार्डाऐवजी साधा पांढरा कागद वापरू नका. कागदात उजळपणासाठी घातलेली द्रव्यं दिवसाच्या उजेडात निळसर चमकतात, आणि कॅमेरा तो निळेपणा काढायला जाऊन चेहरा पिवळा करतो.

कधी कधी कार्ड अगदी राखाडी येतं, तरी चेहरा निर्जीव दिसतो. तेव्हा व्हाइट बॅलन्स फिरवत बसू नका, दोष लाइटचा असतो. खोक्यावर छापलेला सीआरआय, म्हणजे दिवा रंग किती खरे दाखवतो त्याचा आकडा, हा आठ फिकट रंगांची सरासरी असतो. गडद लाल रंगाचा नमुना, ज्याला आर-नऊ म्हणतात, त्यात धरलेलाच नसतो. स्वस्त एलईडीचा सीआरआय ऐंशीच्या वर असूनही आर-नऊ शून्याजवळ असू शकतो. रक्ताची लाली दिसायला लाइटमध्ये तो लाल भाग असावा लागतो. नसला तर पुढे कोणताही स्लायडर तो परत आणू शकत नाही. ओळखायची सोपी खूण म्हणजे ओठ आणि तळहात. कार्ड तटस्थ असताना तेही मातकट दिसत असतील तर दिवा बदला.

राहिला दोघांना एका फ्रेममध्ये घेण्याचा प्रश्न. मधलं एक्सपोजर हा आकडा म्हणून चूक नाही. अडचण अशी, की एक्सपोजर हा दोघांना मिळून एकच खटका आहे आणि दोघांच्या गरजा वेगळ्या आहेत.

एका मुलाखतीत माझ्यापुढे एक अगदी गोरे गृहस्थ आणि एक गडद वर्णाच्या बाई शेजारी-शेजारी होत्या. एकाच लाइटमध्ये त्यांच्या गालांत जवळपास तीन स्टॉपचा फरक होता. पहिल्या प्रयत्नात मी मध्य धरला: गृहस्थांचं कपाळ जळण्याच्या बेतात होतं आणि बाईंचे डोळे नि केस एकाच काळ्या डागात गेले होते. मग एक्सपोजर होतं तिथेच ठेवलं आणि मोठी सॉफ्टबॉक्स उचलून बाईंच्या बाजूला नेली. ती त्यांच्यापासून दीड मीटरवर आणि गृहस्थांपासून दोन मीटर दहा सेंटिमीटरवर आली. अंतर सुमारे १.४ पट झालं की प्रकाश निम्मा होतो, म्हणजे एक स्टॉप तिथेच मिळाला. गृहस्थांकडे जाणाऱ्या प्रकाशासमोर एक सिंगल नेट, म्हणजे प्रकाश थोडा अडवणारी जाळी, लावलं, त्याने आणखी अर्धा स्टॉप कमी झाला. तीनाचा दीड उरला आणि मी तिथेच थांबलो. फरक शून्यावर आणला असता तर दोघांचे रंग सारखे दिसले असते, आणि ते खोटं झालं असतं.

वेव्हफॉर्मवर, म्हणजे चित्राचा उजळपणा शून्य ते शंभरात दाखवणाऱ्या आलेखावर, गृहस्थांचा गाल पंचावन्नच्या आसपास, बाईंचा तिसाच्या आसपास आणि बाईंच्या गालाच्या हाडावरची चमक पन्नासपर्यंत होती. तीस हा आकडा पाहून घाबरून एक्सपोजर वाढवायचा मोह होतो, पण चमक पन्नासला पोचलेली असेल आणि डोळ्यांत लाइटचं प्रतिबिंब दिसत असेल तर तो चेहरा अंधारात नाही. व्हेक्टरस्कोपवर, म्हणजे रंगाची छटा आणि तीव्रता दाखवणाऱ्या गोल आलेखावर, दोघांचेही ठिपके त्वचेच्या रेषेजवळ एकाच दिशेला पसरले. रक्त आणि मेलॅनिन दोघांतही तेच असल्यामुळे दिशा जवळपास सारखी येते; केंद्रापासूनचं अंतर तेवढं बदलतं. एकाच माणसाचे ठिपके रेषेवरून हिरव्याकडे झुकले असते, तर कुठला तरी वेगळा लाइट फक्त त्याच्यावर पडतो आहे हे कळलं असतं.

एडिटिंगवर सोडायचं म्हणणाऱ्यांना इतकंच सांगतो: आठ-बिट फाइलमध्ये बुडालेला चेहरा दोन स्टॉप वर ओढलात तर सावल्यांत रंगीत कण उठतात आणि गालावर पायऱ्या दिसतात. जळालेल्या ठिपक्यात तर रंगाची माहितीच उरलेली नसते. रॉ, म्हणजे सेन्सरची कच्ची फाइल, असेल तर व्हाइट बॅलन्स नंतरही बदलता येतो, हे खरं आहे. पण तीन रंगांच्या लाइटमध्ये काढलेला चेहरा रॉमध्येही तीन रंगांचाच राहतो.

उघड्यावर नेट, सॉफ्टबॉक्स काही नसेल तेव्हा दोघांना सूर्याकडे पाठ करून बसवा आणि समोरचं मोकळं आकाश हाच मोठा लाइट धरा. गडद वर्णाच्या व्यक्तीच्या बाजूला थर्मोकोल धरून अर्धा-एक स्टॉप सहज मिळतो. फक्त त्या जागी हिरवळ किंवा रंगवलेली भिंत जवळ नाही ना, हे आधी बघा. गवताचा हिरवा उजेड खालून जबड्यावर येतो, आणि तो ग्रे कार्डावर पकडता येत नाही, कारण कार्डाचं तोंड आकाशाकडे असतं.