परदेशातून: फुकट आलेली कढई आणि ‘जाहिरात’ हा शब्द

“भाऊजी, कंपनीनं नुसती कढई पाठवली, पैसे एक रुपया दिला नाही, मग इन्स्टाग्रामच्या रीलवर ते पेड पार्टनरशिपचं लेबल कशाला लावायचं?” (सांगलीहून वहिनी, घरच्या ग्रुपवर)

लावायचं वहिनी, आणि फक्त तेवढ्यावर थांबायचं पण नाही. आपल्याकडे केंद्र सरकारच्या ग्राहक खात्यानं जानेवारी 2023 मध्ये काढलेल्या सूचनांत फुकट वस्तू, मग त्यासोबत अट असो वा नसो, डिस्काउंट, हॉटेलातला मुक्काम, एवढंच काय घरचं नातं, हे सगळं सांगायलाच हवं असं आहे. कढई आवडली नाही आणि तुम्ही तसं बोललात तरी ती फुकट आली हे सांगावंच लागतं. स्वतः विकत घेतली असती तर प्रश्नच नव्हता.

ग्रुपवर लगेच आमचा चुलतभाऊ म्हणाला की बायोमध्ये एकदा ‘कोलॅबसाठी संपर्क करा’ लिहिलं आणि पोस्टमध्ये कंपनीला टॅग केलं की झालं. टॅग करणं चांगलंच, पण ते लेबल नाही. लेबलसाठी अकाउंट प्रोफेशनल लागतं, मग पोस्ट टाकताना सेटिंगमध्ये `Add paid partnership label` चालू करून ब्रँड निवडायचा, तेव्हा तुमच्या नावाजवळ ‘पेड पार्टनरशिप’ अशी ओळ येते. आणि बायोचं म्हणाल तर जाहिरातवाल्यांच्या स्वनियमन संस्थेनं, म्हणजे एएससीआयनं, 2021 मध्येच स्पष्ट केलंय की बायोतली सरसकट सूचना चालत नाही, लोक रील बघतात, बायो कोण उघडतंय?

मग मावशीनं विचारलं, “म्हणजे सुनबाई कंपनीत भागीदार झाली का गं?” सगळे हसले, मला मात्र हसू नाही आलं, कारण मावशीच वहिनींची खरी प्रेक्षक आहे, ती कढई बघून विकत घेणारी, आणि तिला ‘पेड पार्टनरशिप’ म्हणजे धंद्यातली भागीदारी वाटली.

मी इथे बर्लिनमध्ये नऊ वर्षं किचनच्या वस्तूंच्या मार्केटिंगमध्ये आहे, आमचं निम्मं काम क्रिएटर्सच्या पोस्ट तपासणं. इथे पोस्टच्या सुरुवातीलाच ‘वेरबुंग’ किंवा ‘आनत्साइगे’, म्हणजे सरळ जाहिरात, असं त्यांच्या भाषेत लिहितात. 2017 मध्ये त्सेलेच्या कोर्टानं एका दुकानसाखळीच्या केसमध्ये सांगितलं की हॅशटॅगच्या गर्दीत दुसऱ्या नंबरला `#ad` घालणं पुरेसं नाही. 2021 मध्ये त्यांच्या सर्वोच्च दिवाणी कोर्टानं रास्पबेरी जॅमवाली केस निकालात काढली, फिटनेस इन्फ्लुएन्सरला जॅमवाल्याकडून मोबदला मिळाला होता म्हणून ती जाहिरात ठरली, पण मोबदला नसेल तर नुसत्या टॅगमुळे पोस्ट जाहिरात होत नाही हेही कोर्टानं म्हटलं. मे 2022 पासून तर कायदाच असा की मोबदला मिळालाच असं धरून चालतात, नाही मिळाला हे तुम्ही दाखवायचं. म्हणून इथले क्रिएटर बिलं जपून ठेवतात.

पण इथलं सगळंच आपल्याकडे आणावं असं मला वाटत नाही. 2021 च्या त्या निकालाआधी वकिलांच्या नोटिशीच्या भीतीनं लोक स्वतःच्या पैशानं घेतलेल्या बुटांवर पण ‘बिनपैशाची जाहिरात’ लिहायचे, मित्राला टॅग केलं तरी जाहिरात, आणि मग त्या शब्दाला काही अर्थच उरला नाही, बघणाऱ्याला खरी कुठली ते कळेना. मला इथली एकच गोष्ट घ्यावीशी वाटते, जाहिरात आहे हे बघणाऱ्याच्या भाषेत आणि अगदी सुरुवातीलाच सांगणं. एएससीआयला इंग्रजी लेबलही चालतं, नाहीतर जाहिरातीच्या भाषेत भाषांतर करा म्हणतात, मराठी रीलवर मी तरी मराठीच लावेन.

वहिनींची रील 45 सेकंदांची. एएससीआयच्या नियमानं 15 सेकंदांपासून 2 मिनिटांपर्यंतच्या व्हिडिओत लेबल एक तृतीयांश वेळ दिसायला हवं, म्हणजे इथे 15 सेकंद. मी सुचवलं की व्हिडिओवरच ‘जाहिरात: कढई कंपनीनं मोफत दिली’ असं ठळक टाका, कढई पहिल्यांदा दिसते तिथपासून, आणि कॅप्शनच्या पहिल्या दोन ओळीत पण तेच, कारण ‘आणखी’वर बोट लावल्याशिवाय पुढचं दिसतच नाही. ॲपचं लेबलही लावा, ते तुमच्या स्वतःच्या शब्दांच्या जोडीला, त्यांच्याऐवजी नाही. नाही लावलं तर? सरकारी प्राधिकरण दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी 10 लाखांपर्यंत दंड करू शकतं, वहिनींवर कोणी एवढा लावेल असं नाही, पण मावशीनं विश्वासानं पैसे घातले तर ते कुणी भरून देणार नाही.

पुण्याची मैत्रीण विचारते, तिच्या नवऱ्याचंच साड्यांचं दुकान आहे, पैसे कोण कुणाला देतंय? तिथेही नातं सांगावंच लागेल.

वहिनींनी लेबल लावलं, आणि आता विचारतायत की पुढच्या महिन्यात त्याच कढईत पोहे केले, कढईबद्दल एक शब्दही न बोलता, तर परत लिहायचं का? मी म्हटलं लिहा. ऑफिसमधली सहकारी म्हणते गरज नाही. आमचं अजून एकमत झालेलं नाही.