स्टीलला गंज चढतो तेव्हा दोष नेहमी स्टीलचाच नसतो

आमचं घर वेंगुर्ल्याजवळ, समुद्राच्या हाकेच्या अंतरावर. मागच्या दिवाळीनंतर आईचे हात भांडी घासून दुखतात म्हणून डिशवॉशर घेतला. तीन आठवड्यांत चमच्यांवर, वाट्यांच्या काठांवर तपकिरी ठिपके दिसायला लागले. आई म्हणाली, "स्टीलाक कसो गंज इलो गो?" मशीन बसवून गेलेला माणूस पुन्हा आला, भांडी हातात घेतली आणि म्हणाला, "तुमचं स्टील हलकं आहे, नवीन घ्या."

ती भांडी आईच्या लग्नातली. चाळीस वर्षं राखेने, मग साबणाने घासली, कधी ठिपका नाही. हे उत्तर मला पटलं नाही, आणि आज खात्रीने सांगते की ते चूक होतं.

स्टेनलेस स्टीलमध्येही लोखंडच जास्त असतं. त्यात मिसळलेल्या क्रोमियममुळे वर डोळ्यांना न दिसणारा पातळ थर तयार होतो, तो गंज अडवतो. हा थर खरवडला तरी हवा लागली की पुन्हा जमतो. पण मिठातला क्लोराईड त्याला एखाद्या ठिकाणी भोक पाडतो, तेही गरम, ओलसर जागेत अधिक. डिशवॉशर म्हणजे नेमकी तशीच जागा.

आधी ठिपके तपासले. खाण्याच्या सोड्याची पेस्ट मऊ फडक्यावर घेऊन चोळली. बहुतेक ठिपके निघाले आणि खाली भांडं गुळगुळीत होतं. म्हणजे तो गंज बाहेरून येऊन बसलेला. शोधल्यावर सापडली फोडणीची लोखंडी पळी, तीच रोज मशीनमध्ये जात होती. तिच्या गंजाचे कण पाण्यासोबत फिरून इतर भांड्यांवर बसत होते. पळी बाहेर काढली, ठिपके निम्म्यावर आले. पण थांबले नाहीत. दोन चमच्यांवर तर नखाला अडकणारे बारीक खड्डे होते. असा खड्डा चोळून जात नाही, तो धातूलाच लागलेला असतो.

मग लक्ष गेलं काचेच्या पेल्यांवरच्या पांढुरक्या थराकडे. सगळे म्हणाले, पाण्यातला क्षार असेल. पण क्षार साध्या पाण्याने जात नाही, त्याला व्हिनेगर किंवा लिंबू लागतं. हा थर नळाखाली धरताच विरघळला. मीठच होतं ते! आणि मशीनमध्ये ओतलेलं एक किलो मीठ दोन आठवड्यांत संपत होतं, तेही रोज एकच फेरी चालवून.

डिशवॉशरच्या तळाशी मिठाची टाकी असते. ते मीठ भांड्यांसाठी नसतं, पाणी मऊ करणाऱ्या भागाला पुन्हा कामाला लावण्यासाठी असतं. त्यामुळे ते भांड्यांपर्यंत पोचता कामा नये. आमच्या टाकीचं झाकण वाकडं, आटे चुकवून बसवलेलं होतं. प्रत्येक धुण्यात खारं पाणी झिरपत होतं आणि शेवटच्या पाण्यातलं मीठ भांड्यांवरच सुकत होतं. झाकण काढून, आटे पुसून सरळ बसवलं. तेव्हापासून नवा ठिपका नाही.

टाकी भरताना थोडं खारं पाणी सांडतंच. म्हणून मीठ भरलं की लगेच मशीन चालवायचं, रात्री भरून सकाळवर ठेवायचं नाही. आणखी एक गोष्ट आपल्याकडे हवीच. विहिरीचं पाणी मे महिन्यात मचूळ झालं, तर मशीनमधली ही सोय त्याचा खारटपणा काढत नाही. ती फक्त पाण्याचा जडपणा काढते. त्या दिवसांत मी भांडी फेरी संपली की लगेच बाहेर काढून पुसते. आगळाच्या वाट्या तर बाराही महिने आधी नळाखाली धरते, कारण आगळात मीठ भरपूर आणि आंबटपणाही.

अनेकजण स्टीलची परीक्षा लोहचुंबकाने करतात. त्यावर विसंबू नका. चुंबक चिकटणारं सगळं स्टील वाईट नसतं, आणि कमी निकेलचं स्वस्त स्टीलही बहुधा चिकटत नाही.

अॅल्युमिनियमची गोष्ट वेगळी. आईचं मोदकपात्र एकदा मशीनमध्ये गेलं आणि राखाडी-काळं होऊन बाहेर आलं. हा मळ नव्हे, गंजही नव्हे. डिशवॉशरची पावडर अल्कधर्मी असते. गरम पाण्यात ती अॅल्युमिनियमवरचा संरक्षक थर विरघळवते आणि धातू काळवंडतो. भरपूर पाण्यात दोन लिंबांचा रस पिळून पंधरा मिनिटं उकळलं, तेव्हा काळेपणा बराच उतरला, जुनी चकाकी मात्र पूर्ण परतली नाही. आता त्यासाठी कुठलीही फेरी निवडायची नाही. मोदकपात्र हातानेच, साध्या साबणाने धुते, आणि आईला हात लावू देत नाही.