काका, दावा जिवंत आहे

आदरणीय काका,

स.न.वि.वि.

काल कोर्टातून बाहेर पडताना तुमचा चेहरा पाहिला, आणि रात्री पावणेबाराला आलेला मेसेजही वाचला: ‘ॲडजर्न म्हणजे केस काढून टाकली का? सोसायटीत लोकांना काय सांगू?’ सांगा की तारीख पडली. ठाण्यात राहणाऱ्या कुणालाही याहून जास्त समजावावं लागत नाही.

काल काय झालं ते नीट सांगतो, कारण तुम्ही मागच्या बाकावर होतात आणि तिथपर्यंत फक्त पंख्याचा आवाज पोचतो. किचन ट्रॉलीसाठी दिलेले पावणेतीन लाख परत मिळावेत म्हणून आपला दावा आहे. सरतपासणीचं, म्हणजे तुमची बाजू शपथेवर सांगणारं, तुमचं प्रतिज्ञापत्र दाखल झालंय. काल समोरच्या वकिलांनी तुमचा उलटतपास घ्यायचा होता. पुकारा झाला, तुम्ही उठून उभे राहिलात, शर्टही इस्त्रीचा होता. समोरून मात्र एक ज्युनियर आला, त्याने अर्ज दिला: ‘सिनियर दुसऱ्या कोर्टात व्यस्त आहेत, तारीख मिळावी.’ मी हरकत घेतली. न्यायाधीश साहेबांनी माझं ऐकलं, मान हलवली आणि तारीख दिली. तुम्हाला ती मान हलवणं आपल्या विरुद्ध वाटलं. तसं काही नव्हतं, त्यांच्यासमोर त्या दिवशीचा बोर्ड, म्हणजे प्रकरणांची यादी होती आणि ती बरीच लांब होती.

तुम्ही विचाराल, हे कायद्यात बसतं का? कागदावर नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १७, नियम १ मध्ये स्पष्ट लिहिलंय की वकील दुसऱ्या कोर्टात गुंतलेत हे तहकुबीचं कारण होऊ शकत नाही. सुनावणी सुरू असताना एका पक्षाला तीनपेक्षा जास्त तहकुब्या देऊ नयेत, हेही तिथेच आहे. हे वाचून तुम्ही हरखून जाल, म्हणून लगेच सांगतो: सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली सेलम बार या वकील संघटनेच्या खटल्यातल्या निकालात म्हटलं की ही तीनची मर्यादा अगदीच लोखंडी नाही. आवाक्याबाहेरचं कारण असेल तर चौथीही मिळू शकते. आणि आवाक्याबाहेरची कारणं शोधण्यात आमचा पेशा कधी कमी पडलेला नाही.

शिवाय सगळ्याच तारखा त्या तीनात धरायच्या नाहीत. साहेब रजेवर असले किंवा बोर्ड संपायच्या आधी वेळ संपली, तर ती तारीख कुणाच्याच खात्यात जात नाही. खात्यात जाते ती पक्षकाराने अर्ज करून मागितलेली. प्रतिवादीच्या खात्यात कालची धरून दोन झाल्यात. हे मी रोजनाम्यावरून सांगतोय, आठवणीवरून नाही. रोजनामा म्हणजे कोर्टाची त्या दिवसाची नोंद. कालची अशी आहे: ‘वादी हजर. प्रतिवादीतर्फे तहकुबी अर्ज, निशाणी ३४. वादीची हरकत. अर्ज रु. ५०० खर्चासह मंजूर. वादीच्या उलटतपासासाठी.’

त्यात दोन शब्द तुमच्या कामाचे आहेत. एक, ‘वादी हजर’. तुमची सकाळ वाया गेली असं तुम्हाला वाटतंय, पण ती या दोन शब्दांत जमा झाली आहे. दुसरा, ‘खर्चासह’. ते ५०० रुपये प्रतिवादीने तुम्हाला द्यायचे आहेत. रक्कम ऐकून हसू नका; रिक्षाभाडं आणि कोर्ट नाक्यावरचा चहा निघतो. ती न देताच ते उलटतपासाला उभे राहिले, तर मी तिथेच हरकत घेईन.

पुढच्या तारखेला त्यांनी पुन्हा वेळ मागितला तर साहेब ‘नो क्रॉस’ असा आदेश करू शकतात, म्हणजे उलटतपासाची त्यांची संधी बंद. लगेच पेढे वाटू नका. तो आदेश रद्द करा म्हणून ते अर्ज करतील आणि थोडा जास्त खर्च लावून तो बहुधा मंजूरही होईल. पण मग आणखी टाळाटाळ करायला त्यांच्याकडे फारशी जागा उरणार नाही.

आता तुमच्या जावयांचा सल्ला. ‘ते येत नाहीत, तर आपणही एक तारीख चुकवू’, असं ते म्हणालेत ना? अजिबात नको. तुम्ही वादी आहात. तुम्ही उलटतपासाला उभेच राहिला नाहीत, तर तुमचं प्रतिज्ञापत्र पुराव्यात वाचू नये असं समोरचे म्हणतील, आणि तुम्ही-मी दोघंही गैरहजर राहिलो तर दावाच काढून टाकला जाऊ शकतो. तुम्हाला ज्याची भीती वाटते ते तेव्हा होतं, काल नाही.

तारीख ई-कोर्ट्स ॲपवर दिसेल. दाव्याचा सोळा अक्षरांचा सीएनआर क्रमांक टाका. रात्री पुन्हा पुन्हा टाकू नका, तारीख तीच राहते. आदल्या संध्याकाळी मात्र एकदा बघा आणि मला फोन करा.

येताना मूळ कोटेशन आणि बँकेचं स्टेटमेंट आणा. झेरॉक्स दाखवली की समोरचे ‘मूळ कुठाय?’ म्हणणार, आणि मग तारीख आपल्यालाच मागावी लागेल.

आपला,
वकील