मालक कारण सांगत नाही, तरी डिपॉझिट परत मिळतं

"अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट संपलं की त्या कागदाला काही किंमत नाही. मालकाने कारण न देता डिपॉझिट दाबलं तर भाडेकरू काही करू शकत नाही, कोर्टात गेलात तर वकिलाची फीच जास्त होईल. म्हणून पैसे हातात येईपर्यंत चावी देऊच नका."

हा मेसेज प्रत्येक सोसायटीच्या ग्रुपवर फिरतोय आणि लोक तो वाचून हक्काचे पैसे सोडून देतायत, म्हणून महाराष्ट्रातल्या लीव्ह अँड लायसन्सपुरतं नीट लिहितो.

आधी कागदाचं बघू. मुदत संपली म्हणजे राहायचा हक्क संपला, डिपॉझिटचं कलम नाही. उलट ते कलम लागू होतं तेच तुम्ही ताबा परत देता तेव्हा. अ‍ॅग्रीमेंट रजिस्टर्ड असेल तर डिपॉझिटची रक्कम त्यातच लिहिलेली असते, मालक नाही म्हणू शकत नाही. आणि रजिस्टर केलंच नसेल तर? महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे ते करायची जबाबदारी मालकाची आहे, आणि केलं नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगतो ते, उलटं सिद्ध होईपर्यंत, धरलं जातं. फक्त पैसे बँकेतून गेलेले असावेत, रोख दिले असतील तर मात्र सिद्ध करताना घाम फुटतो.

आता कारण न देण्याबद्दल, कारण इथेच लोक सगळ्यात जास्त घाबरतात. तुम्हाला दोनच गोष्टी दाखवायच्यात, पैसे दिले आणि घर रिकामं करून ताबा दिला. रंग उडाला, नळ तुटला, बिल थकलं हे सगळं मालकाने सांगायचं आणि सिद्ध करायचं असतं, म्हणजे तो गप्प बसला तर बाजू त्याची कमजोर होते, तुमची नाही. म्हणून घर सोडायच्या दिवशी प्रत्येक खोलीचा, नळ चालू करून, आणि लाईट मीटरच्या रीडिंगचा व्हिडिओ काढा, चावी दिल्यावर "आज ताबा दिला, चाव्या तुम्हाला मिळाल्या" असा मेसेज मालकाला करा, आणि सोसायटीच्या गेटवर सामान बाहेर नेल्याची नोंद होत असेल तर तिचा फोटो ठेवा. मूळ फोन विकू नका, चॅट डिलीट करू नका, कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत सर्टिफिकेट द्यावं लागतं.

मग नोटीस. समजा पुण्यात डिपॉझिट ६०,००० होतं आणि शेवटचं लाईट बिल १,८४० राहिलंय. ते आपणच वजा करा आणि ५८,१६० मागा, खरं देणं आहे ते मान्य केलं की बाकीच्या आकड्यावर कोर्टाचा विश्वास बसतो. नोटिशीत ताब्याची तारीख, रक्कम, खाते नंबर, पंधरा दिवसांची मुदत लिहा, आणि "मुदतीत न दिल्यास व्याज मागितलं जाईल" हे वाक्य हवंच. अ‍ॅग्रीमेंटमध्ये "बिनव्याजी डिपॉझिट" असतं ते राहता त्या काळासाठी, पैसे अडवून ठेवायच्या काळासाठी नाही, आणि १९७८ च्या व्याज कायद्यात अशा लेखी मागणीला महत्त्व आहे. स्पीड पोस्टाने पोचपावतीसह अ‍ॅग्रीमेंटमधल्या पत्त्यावर पाठवा. मालकाने घ्यायला नकार दिला तर पाकीट न फोडता ठेवा, योग्य पत्त्यावरची नाकारलेली नोटीस साधारणपणे पोचली असंच धरतात.

फीचं म्हणाल तर थेट दावाच लावायचा असं नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात दावापूर्व अर्ज करता येतो, कोर्ट फी नाही, आणि लोकअदालतीत तडजोड झाली की तो निवाडा कोर्टाच्या हुकुमासारखाच असतो, त्यावर अपील नाही. अडचण एवढीच की मालक आलाच नाही तर त्याला जबरदस्ती करता येत नाही. मग समरी सूट, दिवाणी प्रक्रिया संहितेतला ऑर्डर ३७. लेखी करारावरच्या ठरलेल्या रकमेसाठी आहे हा. यात मालकाला समन्स मिळाल्यावर दहा दिवसांत हजर व्हावं लागतं आणि नंतर बचाव करायची परवानगी मागावी लागते, त्यासाठी काहीतरी खरं कारण दाखवावं लागतं, जे त्याने आजपर्यंत कुणालाच सांगितलेलं नाही. वेळ लागतो हे खरं, काही महिने सहज जातात. पण पैसे देय झाल्यापासून तीन वर्षांच्या आत दावा लावायचाच, "देतो देतो" मध्ये ती मुदत निघून जाते.

आणि चावी अडवून ठेवायचा सल्ला तर अजिबात ऐकू नका. मुदत संपल्यावर राहिलात तर त्याच भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ खाली मालक दुप्पट दराने नुकसानभरपाई मागू शकतो. २२,००० भाडं असेल तर महिन्याला ४४,०००, म्हणजे दीड महिन्यात ६०,००० चं डिपॉझिट त्यातच जातं आणि वर देणं तुमच्याच अंगावर. त्यापेक्षा पुढचं अ‍ॅग्रीमेंट करताना "ताबा आणि डिपॉझिट एकाच वेळी, त्याच दिवशी" असं कलम घालून घ्या, आणि असं कलम असेल तरच घर सोडायच्या दिवशी मालकाने समोर ट्रान्सफर केल्यावर चावी त्याच्या हातात द्या. त्याने त्या दिवशी टाळलं तर ताबा द्यायला तयार असल्याचं लगेच लेखी कळवा.