पोदेराच्या भोंग्याने उजाडणारा डेटाबेस

राजीनामा मी चार ओळींत लिहिला होता. त्यानंतर साहेबांनी मागितलेली हॅण्डओव्हर नोट मात्र अकरा पानांवर गेली, आणि तरीही ती अपुरी आहे अशी रुखरुख मला शेवटच्या दिवसापर्यंत लागून राहिली. साहेबांचे म्हणणे एवढेच होते की, "एक पान लिही, म्हणजे नव्या मुलीला त्रास नको." पणजीतल्या आमच्या कचेरीतून गोवाभरच्या होमस्टेच्या खोल्यांचे ऑनलाइन बुकिंग चालते आणि त्या बुकिंगांचे आकडे रोज सकाळी आठ वाजता सर्वांच्या मेलमध्ये पोहोचवणे हे माझे काम होते. एवढ्याशा कामाला एक पान पुरेल असे मलाही वाटले होते.

पहिल्या ओळीत मी "बुकिंग म्हणजे" एवढे लिहिले आणि तिथेच दुपार झाली. मार्केटिंगच्या मते पाहुण्याने बटण दाबले की बुकिंग झाले. हिशेब विभागाच्या मते पाहुणा प्रत्यक्ष खोलीत शिरला की बुकिंग झाले. माझ्या अहवालात मात्र पैसे भरलेले आणि त्यानंतर २४ तासांत रद्द न झालेले तेवढेच बुकिंग धरले जाते. या व्याख्येचा एक परिणाम असा की कालचा आकडा आज थोडा घटलेला दिसतो, कारण काल मोजलेल्यांपैकी काहींनी दरम्यान बेत बदललेला असतो. दर महिन्याच्या बैठकीत कोणीतरी जुना अहवाल छापून आणायचे आणि त्यातला आकडा पडद्यावरच्या आकड्याशी जुळत नाही म्हणून माझ्याकडे तिजोरीची किल्ली हरवलेल्या माणसाकडे पाहावे तसे पाहायचे. म्हणून नोटमध्ये मी ठळक अक्षरांत लिहिले की तीन दिवसांपेक्षा ताजा आकडा कोणालाही छापून देऊ नये.

त्यानंतर वेळेचे प्रकरण आले. आमचा डेटाबेस प्रत्येक नोंद यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत ठेवतो, आणि ती भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे आहे. म्हणजे डेटाबेसची मध्यरात्र आपल्याकडे पहाटे साडेपाचला होते. नव्या मुलीला हे कळावे म्हणून मी लिहिले की गावात पोदेर पाव घेऊन सायकलचा भोंगा वाजवत येतो, त्या सुमारास आमच्या डेटाबेसमध्ये तारीख बदलते. साहेबांनी हे वाक्य वाचून विचारले की हा दोष दुरुस्त का केला नाही. मी म्हटले, पंचांगातही दिवस सूर्योदयालाच बदलतो, तेव्हा डेटाबेस परंपरा पाळतो आहे असे समजावे. ते हसले नाहीत.

एरवी पहाटेची बुकिंगे थोडी असल्यामुळे हा घोळ झाकला जातो, पण ३१ डिसेंबरला तो उघडा पडतो. गेल्या वर्षी त्या दिवशी खरी बुकिंगे १२० होती. त्यांपैकी पहाटे साडेपाचच्या आतली ९ बुकिंगे अहवालात ३० तारखेला गेली. उलट १ जानेवारीच्या मध्यरात्रीनंतर, नाचगाणी आटोपून झोपायला जागाच नाही असे लक्षात आलेल्या मंडळींनी केलेली ३७ बुकिंगे ३१ तारखेच्या खात्यात येऊन पडली. अहवाल म्हणाला १४८ आणि १ जानेवारीला अर्थातच खड्डा दिसला. लोक वर्षारंभी आळसावलेले असतात असा निष्कर्ष साहेबांनी त्यावरून काढला आणि यंदा १ जानेवारीसाठी खास सवलत जाहीर करण्याचे ठरवले. ती सवलत रद्द करवून घेताना माझे जे वजन कमी झाले ते मी नोटमध्ये लिहिले नाही. फक्त ही ओळ दिली:

```
DATE(CONVERT_TZ(created_at, '+00:00', '+05:30'))
```

आणि खाली नमूद केले की जिथे जिथे दिवसाचा आकडा काढायचा तिथे तिथे `DATE(created_at)` ऐवजी हे वापरावे. जुन्या सात अहवालांत ते अजून वापरलेले नाही, आणि ते सात कोणते हेही प्रामाणिकपणे लिहिले.

सर्वांत कठीण भाग होता चालू असलेल्या चाचणीचा. कर धरून पूर्ण भाडे पहिल्याच पानावर दाखवले तर बुकिंग वाढते का, हे आम्ही पाहत होतो. निम्म्या पाहुण्यांना जुने पान, निम्म्यांना नवे, आणि शनिवार-रविवारची गर्दी दोन्हीकडे सारखी यावी म्हणून मुदत पूर्ण चार आठवड्यांची, असे सुरू करतानाच लिहून ठेवले होते. साहेब मात्र रोज सकाळी शिजत्या भाताचे झाकण उघडावे तसे निकालात डोकावत. रोज डोकावून ज्या दिवशी आकडा बरा दिसेल त्या दिवशी थांबायचे ठरवले, तर काहीच फरक नसलेले पानही कधी ना कधी जिंकलेले दिसते.

तीन आठवडे संपले तेव्हा जुन्या पानावर १०,२४० पाहुणे आणि ३०७ बुकिंगे होती; नव्या पानावर ९,७६० पाहुणे आणि ३१२ बुकिंगे. म्हणजे ३.० टक्के विरुद्ध ३.२ टक्के. साहेबांनी ही बातमी वरच्या मजल्यावर पोहोचवलीसुद्धा. माझी नजर मात्र पाहुण्यांच्या संख्येवर अडकली होती. नाणे वीस हजार वेळा उडवले तर छापे दहा हजारांपासून साधारण सत्तरने इकडेतिकडे होतात; २४० चा फरक हजार खेपांत एकदाही पडणे कठीण. वाटणी निम्मी-निम्मी असताना नव्या पानाचे पाहुणे गेले कुठे?

ते पावसात गेले होते. नवे पान चित्रांमुळे जड झाले होते आणि पाहुण्याची नोंद पान पूर्ण उघडल्यावरच होत होती. जुलैच्या पावसात वीज आणि नेटवर्क एकमेकांचा हात धरून जातात, तेव्हा कंटाळलेला माणूस नोंद होण्याआधीच निघून जाई आणि मोजला जाई तो फक्त चिकाटीचा. ते हरवलेले ४८० परत मिळवले तर नव्या पानाचा दर ३.०५ टक्क्यांवर उतरतो आणि विजय जवळपास विरघळून जातो. अर्थात ४८० हा अंदाज आहे, आणि हरवलेल्यांची भर घालून चाचणी दुरुस्त करता येत नाही. म्हणून मी लिहिले: "चाचणी सुरू आहे, परंतु तिचा निकाल बाद समजावा. पाहुण्याला गट मिळतो त्या क्षणीच नोंद करावी आणि पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजावे." साहेबांनी "बाद" या शब्दाऐवजी "प्राथमिक" सुचवला. मी "बाद"च ठेवला. जाणाऱ्या माणसाला एवढे धाडस परवडते.

शेवटच्या दिवशी डिचोलीहून आलेल्या नव्या मुलीने अकराही पाने मन लावून वाचली. साडेपाचचे गणित तिने कागदावर मांडून पाहिले, १२० मधून ९ वजा करून ३७ मिळवले आणि १४८ आल्यावर मान डोलावली. मला इतका आनंद झाला की मी तिला चहा मागवला.

"सर, सकाळी आठ वाजता मेल जातो, तो कुणाच्या लॉगिनवरून जातो?" तिने विचारले.

मी पडद्याकडे पाहिले. चार वर्षांपूर्वी घाईत लावून दिलेल्या त्या कामावर मालक म्हणून माझेच नाव होते, आणि माझे खाते संध्याकाळी सहाला बंद होणार होते. भिंतीवरच्या घड्याळात नेमके साडेपाच वाजले होते.