कॅट काढून सरळ पाइप टाकण्याआधी

«मित्रांनो, सायलेन्सरमधला कॅट कन्व्हर्टर म्हणजे धूर गाळायची जाळी. चार-पाच वर्षांत ती चोंदते आणि ॲव्हरेज पडतं. काढून टाका, सरळ पाइप लावा. बीएस-६ इंजिन मुळातच स्वच्छ आहे, पीयूसीसुद्धा आरामात पास होते. पुढे पाठवा.»

गेल्या दोन महिन्यांत हा निरोप मला सात-आठ गिऱ्हाइकांनी मोबाइल पुढे करून दाखवला. त्यातल्या एकाची गाडी मी उघडली, तिचं पुढे सांगतो. आधी ‘जाळी’ या शब्दाचं बघू, कारण सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

जाळीत काहीतरी अडकतं आणि साठत जातं. पेट्रोल गाडीच्या कॅटमध्ये साठण्यासारखं काही नसतं. कॅटचं पत्र्याचं कवच कापून आतली वीट उजेडाकडे धरली, तर चक्क आरपार दिसतं. चिनी मातीच्या जातीतली वीट, मधाच्या पोळ्यासारखी, चौरस सेंटिमीटरला साधारण साठ भोकं, एकेक भोक जेमतेम मिलिमीटरभर. धूर त्यातून सरळ निघून जातो. काम होतं ते भोकांच्या भिंतींवर. त्यांना ॲल्युमिनाचा लेप दिलेला असतो, आणि तो इतका सच्छिद्र असतो की लिटरभर आकाराच्या विटेतलं लेपाचं सगळं पृष्ठफळ उलगडून पसरलं तर दोन-अडीच एकराच्या पुढे जाईल. या लेपात प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम यांचे बारीक कण विखुरलेले असतात. सगळे मिळून काही ग्रॅम. कॅट ‘फुकटात काढून देतो’ म्हणणारे भेटतात, त्यांचा डोळा याच काही ग्रॅमवर असतो.

आता इंजिनातून येणारा धूर. त्यात तीन वायू त्रासाचे. पहिला कार्बन मोनॉक्साइड, म्हणजे पेट्रोलचं अर्धवट जळण. दुसरं, न जळलेलं पेट्रोल, ज्याला आम्ही एचसी म्हणतो. पिस्टन आणि रिंगच्या बेचक्यात शिरलेल्या मिश्रणापर्यंत ज्योत पोचतच नाही, ते तसंच बाहेर येतं. तिसरा नायट्रिक ऑक्साइड. हा पेट्रोलातून येत नाही, हवेतून येतो. एरवी नायट्रोजन कशाशी संबंध ठेवत नाही, पण सिलिंडरमध्ये ज्योतीचं तापमान दोन हजार अंशांच्या वर गेलं की तो ऑक्सिजनशी जोडला जातो.

पहिल्या दोघांना ऑक्सिजन हवा आहे. तिसऱ्याकडचा ऑक्सिजन काढून घ्यायचा आहे. कॅटमध्ये हा व्यवहार अक्षरशः समोरासमोर होतो. नायट्रिक ऑक्साइडचा रेणू ऱ्होडियमच्या कणावर टेकला की फुटतो. नायट्रोजनचे दोन अणू एकमेकांना धरून, साधा हवेतला नायट्रोजन होऊन निघून जातात. मागे उरलेला ऑक्सिजन शेजारी आलेला कार्बन मोनॉक्साइड उचलतो:

`2CO + 2NO → 2CO2 + N2`

न जळलेलं पेट्रोल तसंच प्लॅटिनम-पॅलेडियमवर जळून कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ होतं. धातू जागेवर तसाच राहतो, पुढच्या रेणूसाठी मोकळा. काही अडकलं नाही, काही साठलं नाही.

‘बीएस-६ इंजिन मुळातच स्वच्छ’ हे वाक्य मला सगळ्यात घातक वाटतं, कारण ते ऐकायला पटतं. बीएस-६ पेट्रोल कारला नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा किलोमीटरला ६० मिलिग्रॅम आहे, पण ती मोजतात सायलेन्सरच्या टोकाला, म्हणजे कॅटच्या पलीकडे. इंजिनाच्या तोंडाशी धूर आजही घाणच असतो. गाडी स्वच्छ ठरते ती इंजिन, सेन्सर आणि कॅट या तिघांच्या जोडीमुळे.

ही जोडी कशी चालते ते बघण्यासारखं आहे. एक किलो पेट्रोल पुरतं जळायला १४.७ किलो हवा लागते. हवा थोडी जास्त झाली की धुरात मोकळा ऑक्सिजन उरतो. मग कार्बन मोनॉक्साइड त्या मोकळ्या ऑक्सिजनवरच भागवतो, नायट्रिक ऑक्साइडकडचा ऑक्सिजन कोणी घेत नाही आणि तो तसाच बाहेर पडतो. हवा कमी झाली तर उलट: कार्बन मोनॉक्साइड आणि पेट्रोल उरतं. तिन्ही वायू एकदम साफ होतील अशी जागा १४.७ च्या अगदी आजूबाजूला, फार चिंचोळी आहे. म्हणून कॅटच्या आधी ऑक्सिजन सेन्सर बसवलेला असतो. नेहमीच्या साध्या सेन्सरचा व्होल्टेज स्कॅनरवर लावून बघा: ०.१ वरून ०.९, परत ०.१, सेकंदाला साधारण एकदा झोका. ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, पेट्रोल किंचित वाढवतो, किंचित कमी करतो, सतत. हे झोके कॅट पचवतो, कारण लेपात सेरियम ऑक्साइडही असतं. जास्तीचा ऑक्सिजन ते धरून ठेवतं आणि टंचाई आली की सोडतं. म्हणून कॅटच्या पुढच्या सेन्सरचा झोका विटेतून पार पडताना विरून जातो, आणि कॅटच्या मागे बसवलेला दुसरा सेन्सर ०.६-०.७ वर जवळपास स्थिर रेषा दाखवतो. मागची रेषाही पुढच्यासारखी नाचायला लागली की समजायचं, कॅट ऑक्सिजन धरत नाही. ईसीयूलाही तेच समजतं, आणि तो P0420 हा कोड टाकून चेक इंजिनचा दिवा लावतो. सरळ पाइप टाकला की दिवा लागतो तो याच कारणाने.

चोंदण्याबद्दल मात्र निरोपात अर्धं खरं आहे. कॅट चोंदलेला मी पाहिलाय, आणि चोंदला की ॲव्हरेज पडतं, चढावर गाडी दम तोडते, हेही खरं. पण तो वयाने चोंदत नाही. इंजिन धड असेल तर कॅट लाखभर किलोमीटर सहज जातो. त्याला मारतं ते दुसरंच काहीतरी.

आता ती गाडी. १२०० सीसीची, चार सिलिंडर, ७० हजार किलोमीटर झालेली. मालकाचं म्हणणं, ‘दादा, कॅट चोंदलाय, काढून टाका.’ स्कॅनर लावला तर दोन कोड: P0420 आणि P0303. दुसऱ्याचा अर्थ तीन नंबरच्या सिलिंडरला मिसफायर. विचारल्यावर कळलं की तीन आठवडे गाडी थरथरत होती आणि दिवा लुकलुकत होता. इग्निशन कॉइल गेली होती. ठिणगी नाही म्हणजे त्या सिलिंडरचं पेट्रोल आणि हवा न जळता थेट कॅटमध्ये, आणि तिथे ते जळणारच, कारण जाळणं हेच कॅटचं काम. एरवी चार-पाचशे ते आठशे अंशांत राहणारी वीट मग हजाराच्या बरीच वर जाते आणि वितळते.

पुढचा सेन्सर काढून त्याच्या जागी प्रेशर गेज लावला. २५०० आरपीएमला चांगल्या गाडीत धुराचा दाब ०.२ बारच्या आत असायला हवा, इथे ०.४ होता. कॅट उतरवला तेव्हा विटेचं तोंड गुळाचा पाक सांडून थिजल्यासारखं चकचकीत झालेलं, निम्मी भोकं बुजलेली. त्या गिऱ्हाइकाने निरोप ऐकून फक्त कॅट काढला असता तर गेलेली कॉइल तशीच राहिली असती, आणि ॲव्हरेजही आलं नसतं.

कॉइल आणि प्लग बदलला. नवा कॅट यायला चार दिवस होते, म्हणून त्याच्या जागी रिकामा पाइप जोडून इंजिन गरम केलं आणि पीयूसीसाठी वापरतात तसाच ॲनलायझर लावला. इंजिन आता एकदम ठणठणीत, आवाज सुतासारखा सरळ. तरी आयडलला कार्बन मोनॉक्साइड ०.६ टक्के आणि एचसी १९० पीपीएम. नवा कॅट बसवून त्याच आयडलला पुन्हा मोजलं: ०.०१ टक्के आणि १२ पीपीएम. इंजिनात काहीही फरक केला नव्हता.

यातच पीयूसीचंही उत्तर आहे. बीएस-४ पासूनच्या पेट्रोल कारला आयडलला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.३ टक्के आहे. माझ्या समोरची ०.६ वाली गाडी प्रामाणिक तपासणीत नापास होती. कोणाची पास झालीच, तरी ते मशीन नायट्रोजन ऑक्साइड मोजतच नाही. सरळ पाइपातून तो पूर्ण बाहेर पडतो, उन्हात त्यापासून जमिनीलगतचा ओझोन तयार होतो, आणि कागदावर त्याची नोंद कुठेच नसते.

ॲव्हरेजबद्दल एवढंच: चांगला कॅट शहराच्या वेगात इंजिनाला जेमतेम अडवतो, तो काढून हाताला लागेल असं काही मिळत नाही. उलट पाइप जोडताना सेन्सरच्या आधी वेल्डिंगला भेग राहिली की तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला वाटतं ऑक्सिजन जास्त आहे, ईसीयू पेट्रोल वाढवतो, आणि ॲव्हरेज वाढवायला गेलेला माणूस ते कमी करून घेतो. मोटरसायकलवाल्यांनीही हे ऐकावं. बीएस-६ बाइकचा कॅट बऱ्याचदा सायलेन्सरच्याच नळीत असतो, आवाजासाठी कंपनीची अख्खी नळी बदलली की तोही जातो.

कॅटचीही मर्यादा सांगायला हवी. तो अडीचशे-तीनशे अंशांपर्यंत तापल्याशिवाय काम सुरू करत नाही. सकाळी पहिला मिनिटभर तरी धूर जवळपास कच्चाच बाहेर येतो, म्हणून बंद पार्किंगमध्ये गाडी चालू करून उभी ठेवायची नाही, कॅट असला तरी. आणि कार्बन डायऑक्साइड तो कमी करत नाही, तो तर त्याच्यातूनच तयार होतो.

कॅट वाचवायचा असेल तर दिव्याकडे लक्ष ठेवा. चेक इंजिनचा दिवा स्थिर असेल तर त्या आठवड्यात गाडी दाखवा. लुकलुकत असेल तर मिसफायर चालू आहे आणि वीट त्या क्षणी तापते आहे: ॲक्सिलरेटर सोडा, गाडी बाजूला घ्या, आणि कॉइल-प्लग बघितल्याशिवाय पुढे नेऊ नका. नवी कॉइल नव्या कॅटच्या मानाने फारच स्वस्त पडते.