झाकणाखालचे श्रीखंड

गाडीच्या इंजिनात तेल पुरेसे आहे ना, एवढेच पाहायला मी गॅरेजवाल्याला सांगितले होते. त्याने तेल भरण्याचे झाकण उघडले, आतल्या बाजूला चिकटलेला पिवळट-पांढरा थर बोटावर घेतला, ते बोट माझ्या नाकासमोर धरले आणि ‘हेड गॅस्केट गेलंय, हेड उतरवावं लागेल’ असे जाहीर केले. हेड गॅस्केट म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, अर्थात हेड, आणि खालचा भाग यांच्यामधले सील; ते फुटले की इंजिन गार ठेवणारे कूलंट तेलात उतरू शकते. तेलाची पातळी ज्या डिपस्टिकवर दिसते ती त्याने ओढून पाहिली नाही, कूलंटच्या टाकीकडे मान वळवली नाही. खर्चाचा आकडा मात्र त्याच्याकडे तयार होता.

गाडी तशीच कोलशेतला घरी आणून मी पार्किंगमध्ये बॉनेट उघडले, आणि तिसऱ्या मजल्यावरचे काका खाली आले. सोसायटीत कोणाचेही बॉनेट उघडले की काका खाली येतातच. त्यांनी झाकण हातात घेतले, थर दोन बोटांत चोळला, हुंगला, बोटे माझ्याच बंपरला पुसली आणि खालच्या आवाजात विचारले, “किती वर्षांची होती?”

“सात वर्षांची आहे,” मी म्हणालो.

“माझ्या मेव्हण्याचीही अशीच. अगदी याच रंगाचं श्रीखंड. गणपतीच्या आधी गेली.” मग त्यांनी वॉचमनला बोलावून झाकण दाखवले, भाजी घेऊन येणाऱ्या एका बाईंना थांबवून दाखवले, आणि त्या बिचाऱ्या ‘अरेरे’ म्हणून लिफ्टकडे गेल्या. माझ्या गाडीचे सांत्वन मी उभ्याने स्वीकारत होतो.

मी त्यांना समजावू लागलो. एक लिटर पेट्रोल जळले की साधारण तेवढेच पाणी वाफेच्या रूपात तयार होते. त्यातले बहुतेक सायलेन्सरवाटे निघून जाते, पण थोडी वाफ पिस्टनच्या रिंगांना चुकवून खाली तेलाच्या भागात शिरते. इंजिन थंड असेपर्यंत ती धातूवर गार होऊन थेंब धरते, आणि तेल भरण्याचे तोंड सगळ्यांत वर, थंड कोपऱ्यात असल्याने तिथे तेल-पाणी घुसळून हा थर साचतो. माझी गाडी रोज ठाणे स्टेशनपर्यंत जाते आणि परत येते. तेवढ्यात तेल पुरते तापतच नाही.

“पण काटा तर मध्ये येतो की!” काका म्हणाले.

“तो काटा कूलंटचा, काका. तेल त्याच्या बरेच मागून तापते.”

“आणि सायलेन्सरमधून पाणी टपकतं, ते मी बाल्कनीतून बघतो,” काकांनी पुरावा वाढवला. ते पाणीही त्याच पेट्रोलचे आहे, हे त्यांना पटले नाही. इंजिन पुरते तापल्यावरही पांढरा, गोडसर वासाचा धूर येत राहिला असता तर मीही घाबरलो असतो.

मी डिपस्टिक ओढली. तेल तपकिरी आणि स्वच्छ होते, पातळीही वाढलेली नव्हती. कूलंट तेलात उतरले असते तर सगळे तेलच दुधाळ झाले असते. काकांचा चेहरा पडला. अर्थात एवढ्याने गॅस्केट निर्दोष ठरत नाही, कारण ते तेलाकडे न फुटता सिलिंडर आणि कूलंट यांच्यामध्येही फुटू शकते. मग डिपस्टिक स्वच्छच राहते, पण कूलंट घटते, टाकीत बुडबुडे येतात आणि गाडी तापते. म्हणून गार इंजिनावर टाकीवर पेनाने पातळीची खूण केली, झाकण आणि त्याचे तोंड फडक्याने पुसून काढले आणि नाशिक हायवेने शहापूरला निघालो. ‘बंद पडली तर धक्का मारायला’ काका स्वेच्छेने शेजारी बसले आणि पडघ्यापर्यंत मेव्हण्याच्या इंजिनाची आठवण सांगत राहिले.

एकदा तेल नीट तापून काही वेळ तसेच राहिले की त्यातले पाणी वाफ होऊन ब्रीदर या वाफेला वाट देणाऱ्या नळीवाटे इंजिनातच ओढले जाते आणि जळणाऱ्या मिश्रणाबरोबर बाहेर पडते. दुसऱ्या दिवशी सकाळी गार इंजिनावर पाहिले, तर कूलंट खुणेवर होते आणि झाकण जवळजवळ कोरडे. तरीही नौपाड्यातल्या एका मिस्त्रीकडून टाकीच्या तोंडावर निळ्या द्रवाची चाचणी करून घेतली. जळलेला वायू कूलंटमध्ये मिसळत असेल तर तो द्रव पिवळा पडतो. तो निळाच राहिला. ब्रीदरचा व्हॉल्व तुंबला असेल तर लांब पल्ला मारूनही थर परत येतो, म्हणून मिस्त्रीने तोही काढून पाहिला आणि एवढेच सांगितले की अशा आखूड फेऱ्यांच्या गाडीचे तेल किलोमीटर न मोजता सहा महिन्यांनी बदलावे.

काकांना निळा द्रव जुना असावा असा संशय आहे. आणि त्या पहिल्या गॅरेजवाल्याने ‘तपासणी शुल्क’ म्हणून घेतलेले पैसे परत मागायला गेलो, तेव्हा त्याने शांतपणे विचारले, “झाकण उघडून पाहिलं होतं ना?”